‘शिळी सुरमई, लुटारू लोक’ : अशा रिव्ह्यूला उत्तर काय लिहायचं?

नमस्कार ताई,

मालवण तालुक्यात समुद्राजवळ आमचं छोटंसं होमस्टे आहे, तीन खोल्या, जेवण मी स्वतः करते. गुगलवर ८७ रिव्ह्यू आणि ४.६ रेटिंग होतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून एक ग्रुप आला, बुकिंग पाच जणांचं आणि आले आठ. चार दिवसांनी हा एक स्टारचा रिव्ह्यू पडला :

“ताजे मासे असा बोर्ड लावलाय पण सुरमई शिळी होती. जेवण रात्री साडेदहाला. सकाळी बाथरूमला पाणी नाही. विचारलं तर मालकीण उद्धट बोलली. वर गादीचे जादा पैसे. लुटारू लोक आहेत, चुकूनही जाऊ नका.”

तीन रात्री झोप नाही ताई. मासा शिळा नव्हता, मासेमारीच्या बंदीत ताजी सुरमई कुठून आणणार, बर्फातलीच असते, सगळेच तशीच देतात. वीज गेलेली, पंप कसा चालणार. गादीचे माणशी ३०० हे घरात बोर्डावर लिहिलंय. मी उत्तर लिहून ठेवलंय, सोबत पाठवतेय. मुलगा म्हणतो टाकू नको, भांडल्यासारखं वाटतं. भाचा म्हणतो वीस जणांकडून पाच स्टार टाकून घेऊ. काय करू?

— एक होमस्टेवाली

ताई,

तुमचा ड्राफ्ट मी दोनदा वाचला आणि मग एकदा मोठ्याने वाचला, आणि तुमच्या मुलाचं बरोबर आहे. टाकू नका. त्यात खोटं काही नाही, पण तो तुम्ही त्या पुण्याच्या माणसाला लिहिलाय आणि तो माणूस आता तुमचा वाचक राहिलेलाच नाही. त्याचा राग लिहून झाला, तो परत येणार नाही. तुमचं उत्तर कोण वाचणार सांगू? दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचं ठरवलेली एक बाई, रात्री मुलं झोपल्यावर फोन घेऊन बसलीय, तीन होमस्टे निवडून ठेवलेत आणि आता रिव्ह्यू बघतेय. अशी माणसं पाच स्टारवाले रिव्ह्यू फार वाचत नाहीत, ती गुगल मॅपवर रिव्ह्यूंचा क्रम लावायच्या जागी Lowest दाबतात आणि सगळ्यात वाईट काय लिहिलंय ते आधी बघतात, कारण ‘छान जागा, छान जेवण’ यातून तिला काहीच कळत नाही आणि वाईट रिव्ह्यूतून कळतं की इथे बिघडलं तर किती बिघडतं. आणि त्याच्याखाली तुमचं उत्तर असतं, त्यातून तिला कळतं की बिघडल्यावर ही बाई माझ्याशी कशी वागेल. तिला एवढंच हवंय, खरं कोण आणि खोटं कोण याचा निकाल लावायला ती बसलेली नाही, तो तिला लावताही येणार नाही.

आधी रेटिंगचं, कारण झोप त्याने उडालीय असं वाटतंय. ८७ रिव्ह्यूंवर ४.६ असताना एक स्टारचा एक रिव्ह्यू आला की सरासरी साधारण ४.५६ होते, म्हणजे स्क्रीनवर ४.६च दिसेल, फार तर ४.५ दिसेल. एवढंच. नुकसान आकड्याने होणार नाही, झालंच तर ‘शिळी’ आणि ‘लुटारू’ या दोन शब्दांनी होईल आणि त्यांच्याखाली तुम्ही जे लिहाल त्याने होईल.

भाच्याचं मात्र अजिबात ऐकू नका. आपल्या माणसांकडून खोटे रिव्ह्यू टाकून घेणं गुगलच्या नियमात बसत नाही, पकडले तर काढून टाकतात आणि प्रोफाइलवर निर्बंधही येऊ शकतात. पण ते सोडा, वाचणाऱ्याला ते लगेच दिसतं हो. जून महिन्यात, भर पावसात, एका आठवड्यात वीस जण येऊन ‘अप्रतिम’ लिहून गेले, फोटो एकाचाही नाही, आणि त्याच आठवड्यात तो एक स्टार. म्हणजे त्या बाईला जी शंका नव्हती ती आपण स्वतः तिच्या हातात दिली. तो रिव्ह्यू Report करूनही काही होणार नाही, शिवीगाळ, कुणाचा फोन नंबर, भलत्याच जागेबद्दलचं लिखाण, धंद्यातल्या स्पर्धकाने टाकलेलं, असलं काही असेल तर तक्रार करता येते, पण खरंच राहून गेलेल्या पाहुण्याचं कडू मत आपल्याला पटलं नाही म्हणून गुगल काढत नाही. तेव्हा तो तिथे राहणार हे धरून चाला.

आता मुद्द्याचं. तुमच्या ड्राफ्टमधलं पहिलंच वाक्य असं आहे : “आपल्याला माहीत असायला हवं की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मग ताजा मासा येणार कुठून?”

ताई, हे वाक्य तुम्ही बचाव म्हणून लिहिलंय पण ते वाचणाऱ्याच्या डोळ्याने वाचा. तिच्या मनात लगेच प्रश्न येतो, बंदी आहे हे तुम्हाला माहीत होतं, मग बोर्डावर ‘ताजे मासे’ का होतं? म्हणजे तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे तोच तुमच्यावर उलटतो. माझ्या मते या रिव्ह्यूतली खरी गोष्ट इथेच आहे, बाकी पाणी, गादी, उशीर हे सगळं त्यामानाने लहान आहे. बंदी त्या ६१ दिवसांची असते, यांत्रिक बोटी बंद, समुद्र खवळलेला आणि माशांच्या विणीचा काळ, हे किनाऱ्यावरच्या लहान पोराला पण माहीत असतं. पण पुण्याहून येणाऱ्याला नसतं, आणि का असावं? तो समुद्र बघतो, बोर्डावर ‘ताजे’ वाचतो आणि सकाळी जाळ्यात आलेली सुरमई ताटात येणार असं धरून चालतो. मग बर्फात काही आठवडे राहिलेली सुरमई तळून समोर आली की तिचं मांस जरा कोरडं, भुसभुशीत लागतं, चव उतरलेली असते, आणि त्याच्याकडे त्यासाठी एकच शब्द असतो, शिळी. तुम्ही म्हणता शिळी नव्हती, आणि तुमच्या अर्थाने खरंय, खराब झालेली नव्हती, कुणाचं पोट बिघडलं नाही. पण त्याच्या अर्थाने तो पण खोटं बोलत नाहीये. तुम्हाला जे माहीत होतं ते त्याला माहीत नव्हतं आणि ते सांगायचं काम तुमचं होतं. जेवणाची ऑर्डर घेताना “सध्या बंदी आहे, सुरमई बर्फातली मिळेल, त्यापेक्षा कुर्ल्या म्हणजे खेकडे नाहीतर तिसऱ्या म्हणजे शिंपले घ्या, त्या खाडीतल्या आहेत” एवढं एक वाक्य बोलला असता तर हा रिव्ह्यू बहुतेक आलाच नसता.

म्हणून उत्तराची सुरुवात इथून करायची. बंदीचं कारण लिहायचं, जरूर लिहायचं, पण चुकीच्या कबुलीच्या पोटात. “बंदी असते त्यामुळे ताजा मासा मिळत नाही” असं लिहिलं की ते कारण होतं, आणि “बंदीच्या दिवसात सुरमई बर्फातली असते, हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही” असं लिहिलं की माहिती तीच राहते पण ती तुमच्या अंगावर घेतलेली असते. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा, दुसऱ्यात तुम्ही काहीही गमावलं नाही, उलट वाचणाऱ्या बाईला कळलं की मासा खराब नव्हता आणि हेही कळलं की ही मालकीण सरळ बोलते. “मासा शिळा नव्हता” हे वेगळं ओरडून सांगायची गरजच उरली नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या भाषेतली, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते कारण मराठीत भांडण शब्दांत कमी आणि त्या बारीक अक्षरांत जास्त असतं. तुमच्या ड्राफ्टमध्ये मी खुणा केल्या : “तुम्हीच उशिरा आलात”, “बोर्डावर लिहिलेलंच आहे”, “आधी सांगायला नको का”, “आम्ही तर पाणी भरून दिलं”, “इतरांना तर कधी त्रास झाला नाही”. यातला च आणि तर आणि नको का काढून टाका आणि परत वाचा, अर्थ जवळजवळ तोच राहतो पण बोट दाखवणं थांबतं. “तुम्हीच उशिरा आलात” म्हणजे दोष दिला, “तुम्ही रात्री नऊला पोचलात” म्हणजे घड्याळातली वेळ सांगितली. मी कुणालाही उत्तर तपासून देताना आधी सगळे च शोधते, आणि मग ‘पण’ शोधते. “माफ करा पण” या तीन शब्दांत माफी आधी येते आणि पुढच्या शब्दाला परत घेतली जाते. तसंच “तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा”, यात ‘असेल तर’ काय करतंय? त्याने चार ओळी लिहून सांगितलंय की वाटलं.

आणि दुसऱ्या टोकाला पण जाऊ नका. तुमच्या ड्राफ्टच्या शेवटी एकदम “आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो” असं आलंय, बाकी सगळं तुमच्या बोलीतलं आणि हे एकच वाक्य सरकारी नोटिशीतलं. असलं वाक्य वाचणाऱ्याची नजर थांबवत नाही, ते कुठूनतरी उचललंय हे कळतं. तीन खोल्यांच्या घरात ‘आम्ही’ कोण? जेवण तुम्ही केलं, बोललात तुम्ही, तर ‘मी’ लिहा. “माझं चुकलं” हे दोन शब्द सगळ्या दिलगिरीपेक्षा वजनदार आहेत आणि ते लिहिल्याने कुणी लहान होत नाही, हे मी अनुभवाने सांगतेय.

अनुभव असा, की मी बरीच वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं आणि एकदा एका गिऱ्हाइकाने भाजीत केस निघाला म्हणून ऑनलाइन लिहिलं. मी भलंमोठं उत्तर लिहिलं, आमच्याकडे सगळ्या बायका डोक्याला टोपी घालतात, किचन रोज दोनदा धुतो, केस तुमच्या घरचा पण असू शकतो, सगळं लिहिलं. काही महिन्यांनी एक नवीन बाई डबा लावायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, तुमच्याबद्दल वाचलं होतं, केसाचं काही नाही हो, तो तर घरी पण निघतो, पण तुम्ही त्याला केवढं बोललात, म्हणून मी इतके दिवस आलेच नव्हते. त्या दिवशी मी ते उत्तर काढून तीन ओळींचं लिहिलं. पण त्या आधी किती जणी वाचून निघून गेल्या असतील ते मला कधीच कळलं नाही आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बरं, लिहायला बसण्याआधी एक काम करा, त्या बुकिंगचं व्हॉट्सअॅप चॅट उघडा आणि रजिस्टर घ्या आणि काय झालं ते तारीखवार कागदावर लिहा. किती जण सांगितले होते, किती वाजता पोचले, वीज कधी गेली, कधी आली, गादीच्या पैशाबद्दल आधी काही बोलणं झालं होतं का. आठवणीवर विसंबू नका, चार दिवस रागात गेले की आठवण आपल्या बाजूने झुकते. आणि उत्तरात एखादी गोष्ट चुकीची लिहिली आणि त्याने रिव्ह्यू एडिट करून चॅटचा फोटोच लावला तर मग तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवर पण कुणी विश्वास ठेवणार नाही.

गादीचं प्रकरण यावरच ठरतं. तुम्ही म्हणता बोर्डावर लिहिलंय, पण तो बोर्ड घरात आहे, म्हणजे पाहुण्याला तो कधी दिसला? पोचल्यावर, आठ जण सामान घेऊन दारात उभे असताना, रात्री नऊला. तेव्हा त्याच्याकडे नाही म्हणायचा पर्याय राहिलेला नसतो आणि अशा वेळी भरलेला पैसा माणसाला लुटल्यासारखाच वाटतो, मग तो तीन जणांचे ९०० असो की ९०. आता चॅटमध्ये बघा. तिथे तुम्ही आधीच ‘जादा माणसाला गादीचे ३००’ असं कळवलं असेल तर उत्तरात साधं लिहा, “गादीचे माणशी ३०० बुकिंगच्या वेळी मेसेजमध्ये कळवले होते”, एक वाक्य, विशेषण नाही, उद्गारचिन्ह नाही. आणि कळवलं नसेल तर ती पण तुमची चूक, तीही तशीच लिहा, आणि माझं ऐकाल तर ते ९०० त्याला परत पाठवा. पण एक अट कटाक्षाने पाळा, पैसे परत देताना रिव्ह्यूचं नाव काढायचं नाही. “पैसे देते, रिव्ह्यू काढा” हे गुगलच्या नियमातही बसत नाही आणि त्याने तो मेसेज स्क्रीनशॉट काढून टाकला तर ‘लुटारू’वर तुम्ही स्वतः शिक्का मारल्यासारखं होईल. पैसे चुकीचे घेतले गेले म्हणून परत, विषय संपला. त्याने नंतर स्वतःहून रिव्ह्यू बदलला तर बदलला.

पाच सांगून आठ आले, हे तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय ते मला कळतं, आणि ड्राफ्टमध्ये अर्धा पानभर तेच आहे. ऐनवेळी तीन माणसं वाढली की भात परत टाकावा लागतो, वाटण कमी पडतं, मासा परत मागवावा लागतो, जेवण साडेदहाला गेलं ते त्यामुळे. हे मी स्वयंपाकघरात उभं राहून केलेलं आहे म्हणून सांगते, तुमचा राग खरा आहे. तरी उत्तरात त्याला एकच वाक्य द्या, तेही आकड्याचं : “पाच जणांचं बुकिंग होतं आणि आठ जणांचा स्वयंपाक करायचा होता, त्यात उशीर झाला, निदान किती वेळ लागेल हे तरी मी तुम्हाला सांगायला हवं होतं.” बस. वाचणाऱ्या बाईला आकडे कळतात, पाच आणि आठ हे तिला दिसलं की बाकी ती स्वतः समजून घेते, तिने स्वतः काढलेला निष्कर्ष तिला तुमच्या तक्रारीपेक्षा जास्त पटतो. तुम्ही ओढून सांगितलं की ती पाहुण्याच्या बाजूला जाते.

आणि ते “रात्री अंगणात बसून पीत होते” हे जे लिहिलंय ते पूर्ण काढा. खरं असलं तरी काढा. पाहुणा आपल्या घरात काय करत होता, कुणाबरोबर आला होता, त्याचं नाव, नंबर, यातलं काहीही बाहेर येता कामा नये. कारण ती बाई वाचताना त्याचा विचार करत नाही, ती विचार करते की उद्या माझं यांच्याशी बिनसलं तर माझ्याबद्दल पण हे असंच लिहितील. होमस्टे म्हणजे आपण माणसाला घरात घेतो, घरातलं बाहेर जाणार नाही हा भरवसा सुरमईपेक्षा मोठा आहे.

उद्धटपणाचं काय? तुम्ही ड्राफ्टमध्ये लिहिलंय की पाण्याबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही “वीज काय माझ्या हातात आहे का” म्हणालात. बाहेर पाऊस, घरात आठ माणसं, पंप बंद, तोंडातून निघून जातं. पण मग रिव्ह्यूतली ती ओळ खरी आहे ना ताई. इथे स्पष्टीकरण नकोच. “पाण्याबद्दल विचारलंत तेव्हा मी तोडून बोलले, ते चुकलं.” एवढंच. अशा जागी कारण जोडलं की माफी पातळ होते. पाण्याबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे, वीज गेल्यावर टाकीत पाणी चढलं नाही आणि तुम्ही विहिरीचं काढून बादल्या भरून दिल्या, ते लिहा, पण ‘दिल्या’ वर थांबू नका, पुढच्या पाहुण्याच्या वेळी काय वेगळं होणार ते लिहा. पावसात वीज जाणार हे ठरलेलं आहे, दिवे लावणाऱ्या घरगुती इन्व्हर्टरवर पंप चालत नाही, मग वीज असतानाच रात्री झोपण्याआधी टाकी पूर्ण भरून ठेवायची एवढं तर बिनपैशाचं होऊ शकतं. खरंच करणार असाल तरच लिहा.

तर हे सगळं धरून मी तुमच्या वतीने एक उत्तर लिहून बघितलंय. चॅटमध्ये गादीचं कळवलेलं नव्हतं असं धरलंय, कळवलेलं असेल तर ते वाक्य बदला :

“नमस्कार. मासेमारी बंदीच्या दिवसात (१ जून ते ३१ जुलै) आमच्याकडे सुरमई बर्फातली असते. हे मी जेवण ठरवताना सांगायला हवं होतं, सांगितलं नाही आणि बोर्डावर ‘ताजे मासे’ तसंच राहिलं, माझं चुकलं. बोर्ड आता बदललाय, या दोन महिन्यांत खाडीतल्या कुर्ल्या, तिसऱ्या आणि सुक्या माशांचं जेवण देते. बुकिंग पाच जणांचं होतं, आठ जणांचा स्वयंपाक करताना उशीर झाला, किती वेळ लागेल हे सांगायला हवं होतं. वीज गेल्यामुळे टाकीत पाणी चढलं नाही, विहिरीचं काढून बादल्या भरून दिल्या, आता रोज रात्री टाकी भरून ठेवते. विचारलंत तेव्हा मी तोडून बोलले, त्याची माफी मागते. जादा गादीचे पैसे आधी कळवले नव्हते म्हणून ते परत पाठवलेत, यापुढे बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहीन.”

खाली तुमचं नाव, आणि ‘मालकीण’ असं. मॅनेजमेंट, टीम वगैरे नको.

यात ‘लुटारू’ला उत्तर नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दाम दिलं नाही. “आम्ही लुटारू नाही” असं लिहिलं की तो शब्द त्या पानावर दुसऱ्यांदा छापला जातो आणि या वेळी तुमच्या हाताने. पैसे परत पाठवले या वाक्यात त्याचं उत्तर आलेलं आहे. तसंच “एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच अशी तक्रार आली” हे पण मी घेतलं नाही, तुमचे ८७ रिव्ह्यू तिथेच वर आहेत, ते बघायला तिला तुमची गरज नाही. आणि “अधिक माहितीसाठी फोन करा” असंही नाही, कारण नुसतं तेवढंच लिहिणारे खूप असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की खरं बोलणं लपवून आत नेलं.

लांबीचं बघा, हे तुमच्या ड्राफ्टपेक्षा बरंच आटोपशीर आहे आणि माझ्या मते अजून एखादं वाक्य कमी झालं तरी चालेल. फोनवर लांब उत्तर अर्धंच दिसतं, पुढचं More दाबल्यावर उघडतं, म्हणून माशाचं आणि ‘माझं चुकलं’ हे पहिल्या दोन-तीन ओळीतच यायला हवं. धन्यवाद, आपल्या अभिप्रायाचं स्वागत, यात त्या ओळी घालवू नका.

टाकायची पद्धत सोपी आहे, ज्या गुगल अकाउंटवरून होमस्टेचं प्रोफाइल केलंय त्यातून रिव्ह्यूच्या खाली Reply. एका रिव्ह्यूला तुमचं एकच उत्तर राहतं, पण ते नंतर एडिट करता येतं. उत्तर दिलं की त्या पाहुण्याला नोटिफिकेशन जातं, त्यामुळे तो परत चिडून रिव्ह्यूत भर घालू शकतो. घातली तर लगेच उत्तराला हात लावू नका. त्यात नवीन खरी गोष्ट असेल तर एक वाक्य वाढवा, नुसता राग असेल तर तसंच राहू द्या, वाचणाऱ्याला दोघांचे सूर शेजारी शेजारी दिसतात. आणि रात्री टाकू नका. लिहून ठेवा, सकाळी मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही नुसतं ऐका, जिथे तुमचं तुम्हालाच ‘हं, बरोबर सुनावलं’ असं वाटेल ते वाक्य काढा. पण महिनाभर पण ठेवू नका, दोन-तीन दिवसांत जाऊ द्या.

एक शेवटचं राहिलं. मी ‘बोर्ड आता बदललाय’ आणि ‘पैसे परत पाठवलेत’ असं लिहिलंय, तर Reply दाबण्याआधी ते दोन्ही झालेलं असू दे. बोर्डावर ‘ताजे मासे’च्या खाली नुसता कागद चिकटवला तरी चालेल, ‘जून-जुलै : खाडीचे आणि सुके मासे, सुरमई बर्फातली, विचारून घ्या’, आणि त्याचा फोटो काढून गुगलच्या प्रोफाइलवर पण टाका, जुन्या बोर्डाचा फोटो तिथे असेल तर तो काढा.